करडईच्या तेलाचं आयोडीन मूल्य कसं काढायचं

करडईचं तेल आणि पामोलिन दोन सारख्या बाटल्यांत भरून टेबलावर ठेवलं, तर मे महिन्यात नुसतं बघून फरक सांगणं अवघड जातं. दोन्ही पिवळसर, दोन्ही पातळ. पण दोघांच्या रेणूंच्या ठेवणीत मोठा फरक असतो आणि तो मोजायला लागतात एक ब्युरेट, एक पिपेट, चार अंकी तराजू आणि दीड-दोन तास. या मोजमापाला आयोडीन मूल्य म्हणतात. ते काढायच्या विज्स पद्धतीबद्दल हा लेख आहे. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी जे हातात धरून शिकवते, तेच इथे लिहिते आहे. उदाहरण करडईचं घेतलंय, कारण आपल्या मराठवाड्यात ज्वारीच्या पट्ट्यांत करडई अजून पेरली जाते, लाकडी घाण्याचं तेल घ्यायला लोक लांबून येतात, आणि त्याच तेलाच्या शुद्धतेबद्दल सर्वात जास्त शंका विचारल्या जातात.

आधी, नेमकं काय मोजतोय ते

तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड: ग्लिसरॉलच्या कण्याला फॅटी ॲसिडच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या. काही साखळ्यांत कार्बनचे सगळे बंध एकेरी असतात, त्या संतृप्त. काहींत एक, दोन किंवा तीन ठिकाणी दुहेरी बंध असतो, त्या असंतृप्त. आयोडीन आणि क्लोरीनसारखे हॅलोजन या दुहेरी बंधावर जाऊन बसतात, एकेरी बंधाला ते सहज हात लावत नाहीत. म्हणून ठराविक तेलाने किती हॅलोजन गिळलं हे मोजलं, की त्यात दुहेरी बंध किती होते ते कळतं. १०० ग्रॅम तेलाने शोषलेलं हॅलोजन आयोडीनच्या ग्रॅममध्ये मांडलं की ते झालं आयोडीन मूल्य.

नुसतं आयोडीन दुहेरी बंधावर फार संथपणे आणि अर्धवट बसतं. म्हणून विज्स या डच रसायनशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये आयोडीन मोनोक्लोराइड वापरलं. हा रेणू आयोडीन आणि क्लोरीनच्या एकेका अणूचा. तो ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवला की होतं विज्स द्रावण. दुहेरी बंधाच्या एका कार्बनवर आयोडीन बसतं, दुसऱ्यावर क्लोरीन. उत्तर मात्र आपण सगळं आयोडीनच होतं असं धरून देतो.

काम उलट्या हिशेबाने चालतं. तेलात विज्स द्रावण मुद्दाम जास्त घालायचं, दुहेरी बंधांना हवं तेवढं घेऊ द्यायचं, आणि उरलं किती ते मोजायचं. उरलेल्या आयोडीन मोनोक्लोराइडमध्ये पोटॅशियम आयोडाइड घातलं की मोकळं आयोडीन सुटतं. त्याचं सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं. तेलाशिवाय हेच सगळं केलं की तो ब्लँक. ब्लँक आणि नमुना यांच्यातला फरक म्हणजे तेलाने गिळलेला वाटा.

तयारी

विज्स द्रावण नवख्याने घरी बनवायच्या भानगडीत पडू नये. तयार बाटली विकत घ्यावी, साधारण ०.२ नॉर्मल ताकदीची. ती तपकिरी काचेची असावी आणि अंधाऱ्या, गार कपाटात ठेवावी. हे द्रावण कातडीला भाजतं, त्याची वाफ नाकाडोळ्यांत झोंबते. तेव्हा हातमोजे, चष्मा आणि धूर खेचणारं कपाट लागतंच, आणि पिपेट रबरी फुग्यानेच भरायचं, तोंडाने कधीही नाही. तेल विरघळवायला जुन्या पुस्तकांत कार्बन टेट्राक्लोराइड दिलेलं असतं. ते यकृताला घातक आहे. आता त्याच्या जागी सायक्लोहेक्झेन आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड यांचं निम्मंनिम्मं मिश्रण चालतं. मी तेच वापरते.

थायोसल्फेट ०.१ नॉर्मलच्या आसपास हवं. लिटरला २४.८ ग्रॅम स्फटिक, उकळून गार केलेल्या पाण्यात. पण बाटलीवर ०.१ लिहिलंय म्हणून ते ०.१ असतंच असं नाही, नेमकी ताकद आपणच काढायची. कोरडं पोटॅशियम डायक्रोमेट ४.९०३ ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवलं की बरोबर ०.१ नॉर्मल होतं. त्याचे २५ मि.लि. घ्या, त्यात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि १० टक्के पोटॅशियम आयोडाइडचे १५ मि.लि. घाला, पाच मिनिटं अंधारात ठेवा, पाण्याने पातळ करा आणि थायोसल्फेटने टायट्रेट करा. स्टार्च घातल्यावर निळा रंग जाऊन हलका हिरवा उरतो, तो शेवट. आमच्याकडे त्या दिवशी २४.७० मि.लि. लागलं, म्हणजे २५ × ०.१ ÷ २४.७० = ०.१०१२ नॉर्मल. पुढच्या हिशेबात हीच संख्या येईल.

घाण्याचं ताजं तेल थेट वापरू नका. त्यात गाळ असतो, ओल असते आणि पाण्याने विज्स द्रावण बिघडतं. तेल एक-दोन दिवस निवळू द्या, वरचं स्वच्छ तेल घ्या, त्यात चमचाभर निर्जल सोडियम सल्फेट घालून हलवा आणि फिल्टर पेपरमधून गाळा. गाळलेलं तेल उजेडाकडे धरल्यावर आरपार, चकचकीत दिसलं पाहिजे. ढगाळ दिसलं तर ओल अजून आहे.

वजन

माझ्या अनुभवात नवख्यांची सर्वात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून सांगते.

करडईसाठी तेल लागतं फक्त ०.२ ग्रॅम. म्हणजे ड्रॉपरचे आठ-दहा थेंब, एवढंच. या आठ-दहा थेंबांवर सगळं उत्तर उभं असतं. त्यातला एक थेंब वजन झाल्यावर फ्लास्कच्या मानेला चिकटून राहिला आणि द्रावणात उतरलाच नाही, तर उत्तर दहा टक्क्यांनी, म्हणजे चौदा-पंधराने खाली येतं. चांगलं तेल भेसळीचं दिसायला तेवढं पुरे. म्हणून फ्लास्क तराजूवर ठेवून वरून थेंब सोडू नका. लहान काचेच्या होडीत किंवा छोट्या बीकरमध्ये तेल घ्या, ड्रॉपरसकट त्याचं वजन करा. मग ड्रॉपरचं टोक फ्लास्कच्या तळापर्यंत नेऊन थेंब सोडा, ड्रॉपर परत बीकरमध्ये ठेवा आणि पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक म्हणजे फ्लास्कमध्ये गेलेलं तेल. एका मिलिग्रॅमची चूक झाली तरी उत्तर ०.७ ने हलतं, तेव्हा तराजूच्या काचा बंद असाव्यात आणि पंखाही बंद असावा. उन्हाळ्यात पंखा बंद करायला मुलं कुरकुरतात, पण पंख्याच्या वाऱ्यात चौथा अंक नाचतच राहतो.

०.२ ग्रॅमच का? विज्स द्रावण तेलाच्या भुकेपेक्षा बरंच जास्त उरलं पाहिजे. एकूण घातलेल्यापैकी निम्मं किंवा त्याहून थोडं अधिक शिल्लक राहावं असा दंडक आहे. दुसऱ्या शब्दांत, नमुन्याचं ब्युरेट वाचन ब्लँकच्या ५० ते ६० टक्के यायला हवं. करडईचं मूल्य १४० च्या घरात असतं, तिथे ०.२ ग्रॅमला हा हिशेब नीट बसतो. त्याऐवजी कुणी ०.४ ग्रॅम घेतलं तर जवळपास सगळं आयोडीन मोनोक्लोराइड संपतं, शेवटचे दुहेरी बंध उपाशी राहतात आणि मूल्य कमी येतं. हे डोळ्यांनीही दिसतं: तासाभराने फ्लास्क अंधारातून काढला की द्रावण गडद तपकिरी-लाल असायला हवं. फिकट पिवळं झालं असेल तर टायट्रेशन करत बसू नका, कमी तेल घेऊन नव्याने सुरुवात करा. शेंगदाणा तेलाचं मूल्य ९० च्या आसपास, त्याला ०.३ ग्रॅम चालतं. खोबरेल तेलाचं दहाच्याही आत, त्याला दोन ग्रॅमच्या पुढे जावं लागतं. जवसाचं मूल्य १७० च्या वर, त्याला ०.१५ ग्रॅम पुरे.

प्रत्यक्ष कृती

काचेच्या बुचाचा, ५०० मि.लि.चा आयोडीन फ्लास्क घ्या. आतून कोरडा ठणठणीत हवा. तेल आत गेलं की सायक्लोहेक्झेनचं मिश्रण २० मि.लि. घाला आणि तेल पूर्ण विरघळेपर्यंत फिरवा. दुसऱ्या फ्लास्कमध्ये फक्त मिश्रण घ्या, तो ब्लँक. शक्य असेल तर दोन ब्लँक आणि प्रत्येक तेलाचे दोन फ्लास्क करा.

आता प्रत्येक फ्लास्कमध्ये बरोबर २५ मि.लि. विज्स द्रावण. पिपेट एकच, हात एकच, आणि पिपेट रिकामं होण्याची पद्धतही एकच. शेवटचा थेंब फुंकायचा नसेल तर कुठल्याच फ्लास्कमध्ये फुंकायचा नाही. बूच पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात ओलं करून बसवा. बुचाच्या भोवतीच्या खळग्यात तेच द्रावण दोन-चार थेंब ठेवलं, तर बाहेर पडू बघणारी वाफ तिथेच अडकते. फ्लास्क हलकेच फिरवा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा. करडईला मी एक तास देते. जवसासारख्या, मूल्य १५० च्या वर जाणाऱ्या तेलाला दोन तास. घाईने लवकर काढलं तर मूल्य कमी येतं. उजेडात ठेवलं किंवा विसरून चार तास ठेवलं तर क्लोरीन साखळीतल्या हायड्रोजनच्या जागा घ्यायला लागतं आणि मूल्य खोटंच वाढतं.

तास झाला की खळग्यातलं द्रावण आत घेत बूच काढा, १० टक्के पोटॅशियम आयोडाइडचे २० मि.लि. घाला, मग उकळून गार केलेलं पाणी १०० ते १५० मि.लि. त्या पाण्याने बूच आणि फ्लास्कची मान धुऊन आत घ्या. लगेच टायट्रेशनला बसा.

थायोसल्फेट सुरुवातीला सलग सोडा, पण फ्लास्क फिरवत. रंग गडद तपकिरीवरून केशरी, मग गवती पिवळ्यावर येतो. या पिवळ्यावर आल्यावरच स्टार्चचे १-२ मि.लि. घाला. आयोडीन भरपूर असताना स्टार्च घातला तर तो ते घट्ट धरून ठेवतो आणि शेवट नीट सापडत नाही. स्टार्च पडताच सगळं निळं-काळं होईल. आता थेंबथेंब. मात्र फ्लास्कमध्ये दोन थर आहेत हे विसरू नका: खाली पाणी, वर सायक्लोहेक्झेन. थोडं आयोडीन वरच्या थरात जांभळट होऊन दडलेलं असतं. पाण्याचा निळा रंग गेला म्हणून थांबलात तर मिनिटभरात तो परत येतो. म्हणून शेवटी दर एक-दोन थेंबांनंतर बूच लावून फ्लास्क जोरात हलवा. हलवूनही दोन्ही थर रंगहीन राहिले की तो शेवट. पहिल्यांदा करताना मुलं इथेच अर्धा मि.लि. आधी थांबतात. अर्धा मि.लि. म्हणजे उत्तरात तीनचा फरक.

हिशेब

```
IV = 12.69 × N × (B − S) / W
```

B म्हणजे ब्लँकला लागलेलं थायोसल्फेट, S नमुन्याला लागलेलं, दोन्ही मि.लि.मध्ये. N थायोसल्फेटची नॉर्मॅलिटी, W तेलाचं वजन ग्रॅममध्ये. १२.६९ हा आकडा आयोडीनच्या अणुभारातून, १२६.९ मधून येतो.

परवाचंच उदाहरण घेते. घाणा चालवणारे एक दादा दोन बाटल्या घेऊन आले. एक त्यांच्या समोर, त्यांच्याच करडईतून काढलेलं तेल. दुसरी एका व्यापाऱ्याकडून, मागणी वाढली म्हणून डब्याने घेतलेल्या 'शुद्ध करडी' तेलातून भरलेली. म्हणाले, "ताई, ह्याला वास करडीचाच येतोय, पर तळताना कायतरी वेगळं वाटतंय."

पहिल्या बाटलीचं वजन ०.२०३४ ग्रॅम, ब्लँक ४८.३५ मि.लि., नमुना २५.९५ मि.लि. फरक २२.४० मि.लि. त्याला ०.१०१२ ने गुणलं की २.२६७. त्याला १२.६९ ने गुणलं की २८.७७, आणि ०.२०३४ ने भागलं की १४१.४. शिल्लक किती राहिली तेही बघा: ४८.३५ पैकी २५.९५, म्हणजे ५४ टक्के. वजन बरोबर घेतलं होतं. दुसऱ्या फ्लास्कचं उत्तर १४१.९ आलं. एकाच तेलाच्या दोन फ्लास्कमध्ये दीडपेक्षा जास्त फरक आला तर मी दोन्ही टाकून परत करते.

दुसऱ्या बाटलीचं वजन ०.२०७१ ग्रॅम, तोच ब्लँक, नमुना २९.०५ मि.लि. फरक १९.३० मि.लि., आणि मूल्य आलं ११९.७.

भारतीय अन्न मानकांत करडईच्या तेलासाठी आयोडीन मूल्याची मर्यादा १३५ ते १४८ आहे. पहिली बाटली आत बसते, दुसरी पंधराने बाहेर.

हा आकडा असंतृप्ततेबद्दल काय सांगतो

शुद्ध ट्रायओलिन, म्हणजे तिन्ही साखळ्या ओलिक ॲसिडच्या, प्रत्येकीत एक दुहेरी बंध, त्याचं आयोडीन मूल्य ८६ येतं. तिन्ही साखळ्या लिनोलिकच्या, प्रत्येकीत दोन बंध, तर १७३. लिनोलेनिकच्या, तीन बंध, तर २६२. संतृप्त साखळ्यांचं शून्य. हे आकडे हातात असले की तेलाचं मूल्य आपण उलटंही बांधू शकतो. नेहमीच्या करडईत लिनोलिक साधारण ७६ टक्के आणि ओलिक १४ टक्के असतं. ०.७६ × १७३ म्हणजे १३१.५, आणि ०.१४ × ८६ म्हणजे १२. बेरीज १४३ ते १४४. फ्लास्कमधून आलेलं १४१.४ त्याच्या अगदी शेजारी बसतं. म्हणजे या तेलाचे दुहेरी बंध लिनोलिककडून येतात हे समजून घेता येतं. हेच तेल उघड्या भांड्यात लवकर खवट का होतं आणि जवसासारखं चिकट का होत जातं, तेही यातूनच कळतं. दुहेरी बंधांच्या मधल्या जागेवर हवेतला ऑक्सिजन हल्ला करतो. जवसाचं तेल रंग-वॉर्निशला चालतं आणि शेंगदाण्याचं चालत नाही, त्याचं मूळ याच आकड्यांत आहे.

पण हा आकडा फक्त बेरीज सांगतो. बंध कुठल्या साखळीत आहेत, कुठे आहेत, ते नैसर्गिक वाकलेल्या रूपात आहेत की वनस्पती तुपातल्यासारखे ट्रान्स रूपात, यातलं काहीच तो सांगत नाही. ट्रान्स ओलिकही तेवढंच आयोडीन घेतं. दोन दुहेरी बंध लागूनलागून असतील तर विज्स द्रावण त्यांच्यावर पुरतं बसत नाही आणि आकडा कमी येतो.

दादांच्या दुसऱ्या बाटलीचं घ्या. समजा भेसळ पामोलिनची आहे, त्याचं मूल्य ५८ धरलं. १४१.४ चं तेल आणि ५८ चं तेल मिसळून ११९.७ यायला पामोलिन २६ टक्के असावं लागेल. (१४१.४ − ११९.७) ÷ (१४१.४ − ५८) एवढाच हिशेब. पण ११९.७ हे नुसत्या सूर्यफूल तेलाचंही असू शकतं, कारण सूर्यफुलाचा पल्ला १०० ते १४५ आहे. ओलिक जास्त असणाऱ्या करडईच्या वाणांचं तेल ८० ते १०० मध्ये पडतं, ते नेहमीच्या करडईत मिसळलं तरी ११९.७ येईल, आणि त्यात भेसळ काहीच नसेल. म्हणून बी कुठल्या वाणाचं होतं ते आधी विचारा. उलटी बाजूही आहे: १४१ आलं म्हणून तेल शुद्ध, असंही म्हणता येत नाही. जवसाचं १८० आणि पामोलिनचं ५८ योग्य प्रमाणात मिसळून कुणीही १४२ बनवू शकतो. शेंगदाणा तेलाचं ९२ तर सूर्यफूल आणि पामोलिन जवळपास निम्मंनिम्मं मिसळूनही येतं, आणि तिथे आयोडीन मूल्य एकटं काहीच पकडत नाही.

आपल्या हवेतल्या दोन चुका

पाठ्यपुस्तकं थंड देशातली, तिथल्या प्रयोगशाळा आतून एकसारख्या उबदार, म्हणून तिथे या गोष्टी फारशा येत नाहीत. आपल्याकडे दरवर्षी येतात.

ॲसेटिक ॲसिड १६.६ अंशांवर गोठतं. डिसेंबरात परभणीकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो. एका हिवाळ्यात सकाळी बाटली अर्धी गोठलेली होती. मी वरचं पातळ द्रावण पिपेटने घेतलं आणि ब्लँक केला. ब्लँकला ५३ मि.लि.च्या वर थायोसल्फेट लागलं, ब्युरेट परत भरावी लागली. दुपारपर्यंत बाटली आपोआप वितळली, त्यातून नमुने केले. करडईचं मूल्य १७० च्या घरात, म्हणजे जवसाच्या रांगेत जाऊन बसलं. झालं असं होतं की गोठताना शुद्ध ॲसेटिक ॲसिडचे खडे आधी होतात आणि आयोडीन मोनोक्लोराइड उरलेल्या पातळ भागात दाट होतं. तेव्हापासून बाटलीत एक जरी खडा दिसला तरी मी ती कोमट पाण्यात पूर्ण वितळवते, नीट हलवते आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडते.

उन्हाळ्यातली चूक जास्त लबाड आहे, कारण ती दिसत नाही. ॲसेटिक ॲसिड पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, दर अंशाला हजारात एक भागापेक्षा थोडं अधिक. सकाळी ३० अंशांवर ब्लँक केला आणि दुपारी वीज गेल्यावर ४० अंशांवर नमुने केले, तर पिपेटच्या त्याच २५ मि.लि.मध्ये दुपारी एक टक्का कमी आयोडीन मोनोक्लोराइड जातं. ते थायोसल्फेटच्या अर्ध्या मि.लि.एवढं. हिशेबात ते तेलाने गिळलं असं दिसतं आणि मूल्य तीनने वाढून येतं. एखादं १३३ चं तेल त्या दुपारी १३६ होऊन पास होईल. उपाय साधा आहे: ब्लँक आणि नमुने एकाच बैठकीत, एकाच बाटलीतून, लागोपाठ. कालचा ब्लँक आज कधीच वापरायचा नाही. शिवाय उन्हाळ्यात मोकळं झालेलं आयोडीन भराभर उडतं. पोटॅशियम आयोडाइड घातल्यावर नमुन्याचा फ्लास्क उघडा ठेवून चहाला गेलात तर उडालेलं आयोडीनही तेलाच्याच खात्यावर चढतं. म्हणून पोटॅशियम आयोडाइड सगळ्या फ्लास्कमध्ये एकदम घालू नका. एकात घाला, टायट्रेट करा, मगच पुढच्यात घाला.

दादांची दुसरी बाटली मी गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी बाहेर पाठवली, कारण कुठल्या साखळ्या किती आहेत हे तीच सांगू शकते. करडईच्या तेलात पामिटिक ॲसिड सहा-सात टक्के असतं, पामोलिनमध्ये चाळीसच्या आसपास. एक चतुर्थांश पामोलिन असेल तर ते पंधराच्या जवळ यायला हवं होतं, आणि तसंच आलं. दादांना दिलेल्या कागदावर मी दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्या. पहिली: आयोडीन मूल्य ११९.७, विज्स पद्धत, एक तास, दोन फ्लास्कची सरासरी, करडईच्या मर्यादेबाहेर. दुसरी: पामिटिक ॲसिडचा आकडा, पामोलिनच्या मिश्रणाशी जुळणारा. ते कागद घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "मंग तो डबा परत नेतो, ताई," आणि पहिली बाटली माझ्या टेबलावरच ठेवून गेले.